चवथीला मुनाफा बुडवण्याची सोपी रीत

चवथ तोंडावर आली आहे, डिचोलीच्या बाजारात तुमचं काजूचं दुकान आहे आणि गल्ल्यात चार पैसे शिल्लक राहतात याचा तुम्हाला उबग आलाय? मग मोबाईलवर जाहिरात द्या. पण कशीही देऊ नका. चुकून नीट दिलीत तर फायदा होऊन बसेल.

सगळ्यात आधी जाहिरातीतून खरा भाव काढून टाका. आमच्या मेव्हण्याने पहिल्या खेपेला भाबडेपणाने लिहिलं होतं : ‘सत्तरीचे काजूगर, २४० नंबर, १२०० रुपये किलो, घरपोच.’ आता २४० नंबर म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर बसतील एवढा मोठा दाणा, हे ज्याला कळतं आणि १२०० ज्याला झेपतात, तोच असली जाहिरात दाबणार. बाकीचे वाचूनच पुढे सरकतात, आणि क्लिकमागे पैसे लावलेले असले की पुढे सरकणाऱ्यांचे पैसे जाहिरात कंपनी घेत नाही. म्हणजे उंबऱ्यावरचा राखणदार फुकटात मिळाला! असला कंजूषपणा चवथीला शोभत नाही.

त्याऐवजी मोठ्या लाल अक्षरांत लिहा : ‘१५ टक्के सूट!’ किती रुपयांवर सूट, ते लिहायचं नाही. जमलं तर खाली ‘फक्त ९९ रुपयांपासून’ असंही टाका. ते ९९ रुपये शंभर ग्रॅम तुकड्याचे आहेत, हे गिऱ्हाइकाला आत आल्यावर कळू दे. आल्या पावली तो परत जाईल, पण त्या पावलाचे पैसे तुम्ही भरलेले असतील.

आता हिशेब. आकडे ढोबळ धरतो, कागद तुमचा तुम्ही घ्या. १२०० च्या किलोमागे माल ८५०, डबा आणि कुरिअर १३०. उरले २२०. जाहिरातीला ६००० रुपये काढले. साध्या जाहिरातीला क्लिक पडला ६ रुपयांना, आले हजार जण, त्यातल्या ४० जणांनी किलो-किलो घेतला. चाळीस गुणिले २२० म्हणजे ८८००, जाहिरात वजा जाता २८०० हातात. किती रटाळ!

सूट दाखवणाऱ्या जाहिरातीवर जो तो बोट ठेवतो, म्हणून तिथे क्लिक ३ रुपयांनाच पडला. आले दोन हजार, ऑर्डरी ५०. मेव्हणा मोबाईल घेऊन वाडाभर फिरला : क्लिक दुप्पट, दर निम्मा, ऑर्डरीही जास्त! फक्त किलो आता १०२० ला गेला होता आणि ८५० नि १३० जागचे हलले नव्हते. किलोमागे उरले ४०. पन्नास गुणिले ४० म्हणजे २०००, जाहिरातीचे ६००० वजा केले की ४००० चा खड्डा. सूट गिऱ्हाइकाला १५ टक्के दिसते, पण ते १८० रुपये मालातून जात नाहीत, सगळे त्या २२० मधून जातात. पहिल्याइतकेच पैसे सुटायला साडेपाच पट किलो विकायला हवेत. बहिणीने हे पाटीवर मांडून दाखवलं, तेव्हा मेव्हण्याने तिला विचारलं, “तुला मार्केटिंगमधलं काय कळतं?”

आता जाहिरातीचं उद्दिष्ट ‘जास्तीत जास्त क्लिक’ असं ठेवा, म्हणजे खड्ड्याला तळ उरणार नाही. यंत्र आज्ञाधारक असतं. क्लिक मागितले की ते दिसेल त्यावर बोट ठेवणारी माणसं शोधून आणतं, काजू घेणारी नव्हे. पैसे दारात घेण्याची सोयही ठेवा. सूट बघून घाईत मागवलेला डबा कुरिअरवाला घेऊन जातो, तोवर उत्साह मावळलेला असतो. “नको आता,” म्हणतात. डबा परत येतो, दोन्हीकडचं भाडं तुमचं, आणि वाटेत श्रावणाची दमट हवा लागून गर मऊ पडलेला.

(मागच्या हंगामाचा उरलेला माल नरम पडण्याआधी संपवायचा असेल, तर मुदत लिहून, एकदाच दिलेली सूट कामाला येते. पण ते शहाण्यांचं झालं, आपला विषय वेगळा.)

हवं तर १५०० चा आकडा छापून त्यावर काट मारा आणि शेजारी १२०० लिहा. त्या दराने एक डबाही कधी विकला नसेल, तरी काट शोभून दिसते. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण चार हजार घालवणाऱ्याने दहा लाखांना काय भ्यायचं?

राहिलं जुनं गिऱ्हाईक. वीस वर्षं न घासाघीस करता काजू नेणाऱ्या एक बाई परवा दुकानात आल्या आणि मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, “बाबा, हे कोणाला देता रे? आम्हाला तर कधी बोलला नाहीस.” मेव्हण्याने मुकाट्याने १८० कमी केले. त्यांनी एकाऐवजी दोन किलो मुळीच घेतले नाहीत. जाताना म्हणाल्या, “दिवाळीलाही लावशील ना? तोवर थांबते.”

तेवढ्यात मोबाईल वाजला. ‘तुमची जाहिरात उत्तम चालली आहे. बजेट वाढवायचं का?’ मेव्हण्याने लगेच ‘हो’ दाबलं.