पूर्ण आवर्तनावर ट्रॅपेझॉइडल रूल

«ट्रॅपेझॉइडल रूल शिकण्यापुरता ठीक, खरं काम सिम्पसननेच करा. याची चूक h² च्या प्रमाणात असते, त्याची h⁴ च्या. फंक्शन कुठलंही असो, सिम्पसनच सरस.» (मुंबईत इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर परीक्षा जवळ आली की फिरणारी नोट.)

आधी h² कुठून येतो ते बघू. ऑयलर-मॅक्लॉरिन विस्तार सांगतो, ट्रॅपेझॉइडलचं उत्तर वजा खरं उत्तर म्हणजे

h²/12·[f′(b)−f′(a)] − h⁴/720·[f‴(b)−f‴(a)] + …

प्रत्येक पदात फक्त दोन टोकांच्या डेरिव्हेटिव्हमधला फरक आहे. मधल्या चढउतारांचा इथे पत्ताच नाही. आता फंक्शन गुळगुळीत असेल आणि आपण नेमकं एक पूर्ण आवर्तन घेतलं असेल, तर दोन्ही टोकांना सगळे डेरिव्हेटिव्ह सारखेच. h² चं पद गेलं, h⁴ चं गेलं, पुढचीही सगळी गेली.

e^(cos x) चं 0 ते 2π इंटिग्रल करून बघा. खरं उत्तर 7.9549265. चार भाग केले तर 7.98932 येतं. आठ भाग केले तर सर्व किमतींची बेरीज 10.12853, तिला π/4 ने गुणलं की 7.9549278. चूक सहाव्या दशांश स्थळावर गेली. सोळा भागांत ती कॅल्क्युलेटरला दिसतच नाही.

त्याच आठ भागांवर सिम्पसन 7.9435 देतो, म्हणजे चूक सुमारे नऊ हजार पट मोठी! कारण सरळ आहे. सिम्पसन म्हणजे (4T₈ − T₄)/3. ही जुळणी h² चं पद खोडण्यासाठी केलेली आहे, पण ते पद इथे आधीच शून्य आहे. मग हाती उरते ती T₄ ची 0.034 ची चूक, एक तृतीयांश होऊन उत्तरात शिरलेली.

सगळी पदं शून्य म्हणजे चूक शून्य, असं मात्र समजू नका. विस्ताराला शेषपद असतं. त्यातून एवढंच कळतं की चूक h च्या कोणत्याही घातापेक्षा वेगाने घटते.

आणि «गुळगुळीत» ही अट सोडली की सगळंच बदलतं. फुल-वेव्ह रेक्टिफायरचं |sin x| घ्या, 0 ते π. हेही आवर्ती आहे, पण जोडावर कोपरा आहे: f′(π)−f′(0) = −2. म्हणून चूक जवळपास −h²/6. आठ भागांत 1.9742 येतं, सोळा भागांत 1.9936, खरं उत्तर 2. इथे सिम्पसन खरंच सरस ठरतो.

ओळखायचं कसं? भाग दुप्पट करत जा. चूक दर वेळी चौथाईच होत असेल तर कुठेतरी कोपरा आहे किंवा आवर्तन अर्धवट कापलं गेलं आहे. बरोबर आकड्यांची संख्याच दर वेळी दुप्पट किंवा जास्त होत असेल, तर ट्रॅपेझॉइडलवरच थांबा.