स्टेटस अपडेट लहान करायचं म्हणजे नुसती कात्री चालवायची नाही

मोठ्या साहेबांना पाठवायचं म्हणून कोणी तीन पानांचा प्रोजेक्ट अपडेट हातात देतं आणि म्हणतं, "जरा शॉर्ट करून दे ना." मग बहुतेक जण काय करतात, तर प्रत्येक परिच्छेदातलं एकेक वाक्य उचलतात, बुलेट टाकतात, फॉन्ट बारीक करतात आणि एका पानात बसवतात. माझ्या मते हे अजिबात लहान करणं नाही. पाल्हाळ तेवढंच राहतं, फक्त तुटक होतं, आणि वाचणाऱ्याला शेवटी कळत नाही ते नाहीच की घोडं नेमकं कुठे अडलंय.

एक उदाहरणच घेऊ. प्रोजेक्ट आणि आकडे मी बनवलेत, पण असले अपडेट ज्यांनी वाचलेत त्यांना ओळखीचे वाटतीलच. जुनी बिलिंग सिस्टिम काढून नवी आणायचीय, लाँच १ जुलैला. शुक्रवार, ५ जूनला टीम लीड लिहितो:

"या आठवड्यात टीमने खूप मेहनत घेतली. इनव्हॉइस मॉड्यूलचं टेस्टिंग जवळजवळ पूर्ण झालं आहे, रिपोर्टचे लेआउट युजरला दाखवले, त्यांचा फीडबॅक चांगला होता, काही किरकोळ बदल सुचवलेत. डेटा मायग्रेशनची ट्रायल रन यशस्वी झाली, ४०,००० पैकी ३७,६०० ग्राहकांचा डेटा व्यवस्थित आला, उरलेल्यांचं ॲनालिसिस सुरू आहे. पेमेंट गेटवेच्या टेस्ट ॲक्सेससाठी व्हेंडरकडे फॉलोअप चालू आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल असं त्यांनी कळवलंय. ट्रेनिंगचं मटेरियल तयार होतंय. ओव्हरऑल आपण ट्रॅकवर आहोत."

वाचायला किती छान वाटतं! आता यातली गोम बघा. "यशस्वी", "चालू आहे", "जवळजवळ" हे सगळे शब्द काय झालं ते सांगतात, पण काय होणार ते सांगत नाहीत. वरच्या माणसाला तीनच गोष्टी पाहिजे असतात: तारीख किंवा पैसे हललेत का, का हलले, आणि माझ्याकडून काय हवंय. या अपडेटमध्ये तिन्ही नाहीत. म्हणजे मजकूर कितीही वेळा वाचून चाळला तरी समरी त्यातून निघणारच नाही, फोन उचलावा लागतो. ही पायरी लोक खातात आणि मग समरी गुळगुळीत होते.

फोनवर फार काही विचारायचं नसतं. "गेटवेचा ॲक्सेस आल्यावर टेस्टिंगला किती लागतील?" तो म्हणतो, तीन आठवडे. झालं, आता बोटांवर मोजा. ॲक्सेस मंगळवारी ९ जूनला आला तर टेस्टिंग ३० जूनला संपतं, लाँचला एक दिवससुद्धा जास्तीचा उरत नाही. शुक्रवारी १२ जूनला आला, जो व्हेंडरच्या भाषेत अजूनही "पुढचा आठवडा"च आहे, तर टेस्टिंग ३ जुलैला संपणार, म्हणजे लाँच सोमवारी ६ जुलैला. "ट्रॅकवर आहोत" हे त्या दोन-तीन दिवसांवर टांगलेलं आहे, आणि व्हेंडरने तारीख लेखी दिलीय का विचारलं तर उत्तर येतं, "नाही, तोंडीच बोलणं झालंय."

दुसरा प्रश्न: "ते उरलेले २,४०० ग्राहक का अडकले?" इथे लीड जरा थांबतो. मग कळतं की ही तांत्रिक भानगडच नाहीये, या ग्राहकांना कधीकाळी वेगळे डिस्काउंट दिले होते, ते नव्या सिस्टिममध्ये आणायचे की बंद करायचे हे कोणी ठरवलेलंच नाही. टीम कितीही "ॲनालिसिस" करत बसली तरी हे सुटणार नाही, सेल्स हेडने ठरवायचंय. पण मागायचं कसं, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय.

आता समरी लिहायला घ्या:

"१ जुलैचा लाँच धोक्यात आहे, ६ जुलैची शक्यता जास्त. पेमेंट गेटवेचा टेस्ट ॲक्सेस ९ जूनपर्यंत आला तरच १ जुलै जमेल. व्हेंडर 'पुढच्या आठवड्यात' म्हणतोय, लेखी तारीख नाही.
तुमच्याकडून हवंय: व्हेंडरच्या वरिष्ठांना आजच एक फोन.
सेल्स हेडकडून हवंय: २,४०० ग्राहकांचे जुने डिस्काउंट ठेवायचे की बंद करायचे, १० जूनपर्यंत. निर्णय नाही झाला तर या ग्राहकांची जुलैची बिलं जुन्या सिस्टिममधूनच निघतील.
बाकी कामं ठरल्याप्रमाणे. बजेटमध्ये बदल नाही."

बास. रिपोर्टचे लेआउट, ट्रेनिंग, किरकोळ बदल हे सगळं "बाकी कामं ठरल्याप्रमाणे" या तीन शब्दांत गेलं. यावर लीड लोक नाराज होतात, "आमची मेहनत दिसत नाही" म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून मूळ अपडेट खाली जोडून द्यावा, ज्याला वाचायचंय तो वाचेल. पण वर मेहनतीला जागा देऊ नये, कारण तिथे लिहिलेल्या प्रत्येक चांगल्या वाक्यामागे वाईट बातमी एकेक ओळ खाली सरकते.

ती खाली सरकण्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण २००३ चं. कोलंबिया यान उडताना फोमचा तुकडा त्याच्या पंखावर आदळला होता. यान अजून वरच असताना इंजिनिअरांनी नासाच्या मॅनेजरांना स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर दिलासाच वाटेल असं होतं, आणि अगदी तळाच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात होतं की आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा आणि ज्या टेस्टच्या जोरावर हा दिलासा, त्यातला तुकडा ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! यान परतताना तुटलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचा खास समाचार घेतलाय. ती स्लाइड मोठी होती अशातला भाग नाही, एका पानाचीच होती.

अजून एक, लहान करताना सगळ्यात आधी उडतात ते "बहुतेक", "त्यांच्या म्हणण्याप्रमाणे", "अजून लेखी नाही" असे शब्द, कारण ते फालतू वाटतात. "व्हेंडर पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला" याचं बघता बघता "ॲक्सेस पुढच्या आठवड्यात मिळेल" होतं, आणि मीटिंगमध्ये साहेब ते पक्कं धरून चालतात. बाकी काहीही कापा, कोण म्हणालं आणि किती पक्कं आहे हे कापू नका.

आणि पाठवायच्या आधी लीडला एकदा दाखवाच. साहेबांचा पहिला फोन त्यालाच जाणारे, "लाँच धोक्यात" हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं तर पुढच्या वेळेपासून तो तुमचा फोनच उचलणार नाही. कधी कधी तो दुरुस्तीही सांगतो, म्हणजे टेस्टिंगचे दोन भाग बरोबरीने चालवता येतील, मग तीनऐवजी अडीच आठवडेच लागतील, आणि तारखांचं सगळं गणित परत मांडावं लागतं. मांडायचं.

मेलचा विषयसुद्धा "साप्ताहिक अपडेट" ठेवला की संपलं, "नोटेड, थँक्स" एवढंच उत्तर येतं. मी तरी सरळ लिहितो: "आज व्हेंडरला फोन हवा, १ जुलैचा लाँच धोक्यात". काहींना हे जरा उद्धट वाटतं. वाटू दे.