पैसे दिले, आता डोळे मिटा

आपला फराळाचा छोटासा व्यवसाय आहे, आणि २०२५च्या दिवाळीसाठी आपण इन्स्टाग्रामवरच्या एका इन्फ्लुएन्सर ताईंशी तीस हजार रुपयांत एक रील आणि दोन स्टोऱ्या ठरवल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले, असे समजू. रील रविवारी, ५ ऑक्टोबरला संध्याकाळी सातपर्यंत यावी आणि तीस दिवस खात्यावर राहावी, असे करारात लिहिले आहे. यापुढे आपण काय करावे, असे विचाराल तर माझा सल्ला एकच आहे: काहीही करू नये. चकली तळताना आपण झाऱ्यावरची नजर हलवत नाही हे खरे, पण ती चकली आहे. हे तर केवळ पैसे आहेत.

तरीही जीव राहत नसेल, तर ताईंनाच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावे. त्या स्क्रीनशॉट पाठवतील. त्यात तारीख दिसत नाही आणि पोस्टची लिंकही नसते, त्यामुळे ते चित्र प्रकाशित झालेल्या पोस्टचे आहे की प्रकाशनाआधीच्या मसुद्याचे, असले क्षुद्र प्रश्न मनात येणार नाहीत. लिंक मुळीच मागू नये. लिंक वहीत नोंदवून ठेवली, तर मूळ रील काढून आठवड्याने तीच पुन्हा टाकल्याचे लगेच कळते, कारण नव्या पोस्टची लिंक वेगळी असते. आणि असे काही कळले की उगाच संबंध बिघडतात.

स्टोरी पाहायचीच असेल, तर ती फक्त आपल्या दुकानाच्या खात्यावरून आणि एकदाच पाहावी. स्टोरीभोवती हिरवे वर्तुळ दिसले तर शुभ मानावे. ते ‘क्लोज फ्रेंड्स’ यादीचे चिन्ह असते, म्हणजे ताईंनी आपल्याला जवळच्या माणसांत घेतले आहे. त्यांच्या अडीच लाख फॉलोअर्सना ती स्टोरी दिसलीच नसेल आणि आपल्याबरोबर फार तर त्यांच्या मावशींना दिसली असेल, पण जिव्हाळा मोजायचा नसतो. भाच्याच्या साध्या खात्यावरून पडताळणी करणे हा तर शुद्ध संशयीपणा. स्टोरी चोवीस तास टिकते, म्हणून पहिल्या तासात एकदा आणि बाविसाव्या तासाच्या सुमारास पुन्हा पाहणारे लोक असतात. ती दोन तासांत काढून टाकली गेली, तर त्यांना दुःख होते. आपल्याला होणार नाही.

आता वेळेचा प्रश्न. सोमवारी दुपारी खाते उघडले, तर रील तिथे असेल आणि तिच्यावर किती तासांपूर्वी आली एवढेच लिहिलेले असेल. एवढ्यावर थांबावे. फार तर संगणकावर पानाचा कोड उघडून वेळेची ही ओळ शोधावी:

```
<time datetime="2025-10-05T18:35:00.000Z">
```

अठरा पस्तीस, म्हणजे ५ तारखेच्या संध्याकाळचे सहा पस्तीस. मुदतीच्या पंचवीस मिनिटे आधी! ताईंना तत्काळ धन्यवाद कळवावेत. शेवटी असलेल्या Z या अक्षराकडे लक्ष देऊ नये. ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार आहे आणि तिच्यात साडेपाच तास मिळवले की ६ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतरचे बारा वाजून पाच मिनिटे होतात, हे त्या अक्षरामुळे समजते. म्हणजे रील पाच तास पाच मिनिटे उशिरा आली, रविवारची संध्याकाळ हातची गेली, आणि आपले गिऱ्हाईक तोवर उशी जवळ करून झोपले होते. बेरीज ही फार कटकटीची गोष्ट आहे. (कॅप्शन नंतर बदलली तरी ही वेळ तीच राहते. त्यामुळे आपला कूपन कोड रविवारी होता की गुरुवारी घुसवला, हे ती सांगत नाही. त्यासाठी पहिल्याच भेटीत कॅप्शनचा स्क्रीनशॉट काढावा लागतो. म्हणून काढू नये.)

सर्वांत वाईट सवय म्हणजे वेळापत्रक. काही दुकानदार मुदत उलटताच पंधरा मिनिटांनी, मग दुसऱ्या सकाळी, सातव्या दिवशी, उरलेले पैसे देण्याच्या अगदी आधी आणि तिसाव्या दिवशी खाते उघडतात, आणि प्रत्येक वेळी लिंक, पाहिल्याची वेळ व ‘पेड पार्टनरशिप’चे लेबल आहे की नाही, हे तक्त्यात भरतात. असल्या लोकांमुळेच अर्काइव्हची सोय उघडी पडते. अर्काइव्ह केलेली रील खात्यावरून गायब होते, पण पुसली जात नाही. हवी तेव्हा लाइक्ससकट परत आणता येते. म्हणून सातव्या दिवशी आपण पाहावे, ती असावी. दहाव्या दिवशी दुसऱ्या फराळवाल्याच्या जाहिरातीला जागा मोकळी करण्यासाठी ती आत जावी. आणि तिसाव्या दिवशी आपण येणार हे ठाऊक असल्याने आदल्या रात्री ती पुन्हा बाहेर यावी. तपासणीचे दिवस करारात छापून ताईंना आगाऊ कळवण्याची जी पद्धत आपण पाडली आहे, ती या बाबतीत फारच सोयीची. मधल्या एखाद्या अघोषित दिवशी, म्हणजे बाराव्या किंवा एकोणिसाव्या दिवशी, चुकूनही डोकावू नये.

उरलेले पंधरा हजार सातव्या दिवशीच देऊन टाकावेत. तिसाव्या दिवसापर्यंत थांबलात, तर ताईंना रील शोधून पुन्हा बाहेर काढावी लागेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत कुणाला एवढा त्रास का द्यावा?