खाजेची ती ट्यूब

आज संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका मेडिकलमध्ये गेलो होतो. शेजारी एक ताई लेकराला घेऊन उभ्या होत्या. पोराच्या मानेवर गजकर्णाची दोन गोल चट्टी. "खाजंची ती ट्यूब द्या, मागं नेलेली." दुकानदारानं विचारलं काही नाही, ड्रॉवर ओढला आणि दिली. मी खोक्यावर वाचलं तर क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड, सोबत आणखी तीन औषधं. ताईंना म्हटलं, ही लावू नका. त्या म्हणाल्या, "दोन दिसात खाज थांबती हो हिनं."

तेव्हापासून डोकं फिरलंय. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मला तासगावच्या बागेत ऐकवलं होतं.

दादाच्या कमरेला, पट्ट्याखाली, रुपयाएवढं गोल चट्टं उठलं होतं. कड लाल, खवले सुटलेली, मधली कातडी जवळजवळ साफ. कुणीही बघून नायटा म्हटलं असतं. द्राक्षबागेत दिवसभर घामानं भिजलेले कपडे, त्यात पावसाळा. त्यानं मेडिकलमधून तसलीच स्टेरॉइडची ट्यूब आणली. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "गेलं बघ, खाज न्हाई, लाली न्हाई." मीही खूश झालो.

गेलं काहीच नव्हतं. नायटा म्हणजे कातडीतली बुरशी. खाज आणि लाली त्या बुरशीची नसते, आपलं शरीर बुरशीशी भांडतं त्याची असते. स्टेरॉइड ते भांडण बंद करतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. ट्यूब थांबवली की चार दिवसांत दुप्पट खाज, म्हणून परत ट्यूब. असं दोन महिने चाललं.

दिवाळीत घरी आला तेव्हा मी त्याचा शर्ट वर करून बघितला. ते गोल कडं कुठंच नव्हतं. पोटापासून मांडीपर्यंत तांबूस-तपकिरी पसरट डाग, कुठं सुरू होतो न कळणारा, मध्येमध्ये बारीक पुटकुळ्या. एका बाजूला, कमरेच्या मागं, कड्याचा तेवढा एक तुकडा शिल्लक, आणि त्याच्या आत आणखी एक कड. जांघेत पांढरट-जांभळे चरे, कातडी कागदासारखी. गावातल्या डॉक्टरांनी इसब म्हणून आणखी जोरदार मलम दिलं होतं. त्यांचाही पूर्ण दोष नाही, रूपच तसं झालं होतं. पण "आधी काय लावलंत?" एवढं तरी विचारायचं!

शेवटी सांगलीत त्वचारोगतज्ज्ञांकडे नेला. मॅडमनी पहिलं वाक्य हेच विचारलं आणि ट्यूब बघायला मागितली. मग त्या शिल्लक कडेवरून बोथट पात्यानं खवले खरवडून काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकात दादालाच बघायला लावलं. फांद्या फुटलेले बुरशीचे दोरे, सगळीकडे. दादा स्टुलावरून उठेचना. "एवढं माझ्या अंगात?" म्हणाला. तो आवाज अजून कानात आहे.

स्टेरॉइड त्याच दिवशी बंद. मॅडमनी आधीच बजावलं होतं की पहिला आठवडाभर लाली आणि खाज उसळेल, तेव्हा ट्यूबकडे हात न्यायचा नाही. उसळलीच. रात्री वहिनी ओल्या फडक्यानं पुसत बसायच्या. पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशी मारणारं औषध, वरून नुसतं बुरशीचं मलम, तेही डागावर आणि त्याच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवर. वहिनींच्या हातावर आणि धाकट्याच्या पाठीवरही निघालं होतं, म्हणून तिघांचे उपचार एकदम, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. बरं व्हायला अडीच महिने लागले. चरे राहिले ते राहिलेच.

मान्य आहे, डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. स्टेरॉइडही वाईट नाही, खऱ्या इसबाला तेच लागतं. पण क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काहीही नायट्यावर आपल्या मनानं लावायचं नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा सरकारचा नियम 2018 पासून आहे. मग ते ड्रॉवर उघडं कसं?

आधी दुकानदारावर ओरडायचं ठरवून लिहायला बसलो होतो. आता त्या ताईच डोळ्यांपुढे येतायत. लेकरू रात्रभर खाजवत असेल, त्या झोपल्या नसतील. त्या ताई कुणाच्या ओळखीच्या असतील तर निरोप द्या: चट्ट्याचं गोल रूप मोडायच्या आत दाखवून घ्या, आणि दवाखान्यात जाताना ती ट्यूब पिशवीत टाकून न्या. फेकून देऊ नका, डॉक्टरांना तीच आधी बघायची असते.