पाच तासांची तूट, वीस तासांची शिक्षा

माझ्या भाच्याला गणिताची भीती नाही, कारण भीती वाटण्याइतक्या जवळून त्याने गणित कधी पाहिलेलेच नाही. त्यामुळे परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान 75 टक्के हजेरी लागते आणि कमी भरणाऱ्यांची यादी लवकरच फलकावर लागणार आहे, हे कळल्यावर त्याने स्वतः काहीच मोजले नाही. वर्गप्रतिनिधीने घाईघाईत काढलेला एका विषयाच्या हजेरीपटाचा फोटो त्याने मला पाठवून दिला आणि खाली लिहिले, “मामा, तू फक्त टक्के काढ. आईला सांगू नकोस.” या दोन वाक्यांपैकी पहिले अवघड ठरेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

फोटो बहुधा सर पाठमोरे असताना, डाव्या अंगाने आणि धडधडत्या छातीने काढलेला होता. हजेरीपटाची दोन पाने उघडी होती. मधली शिवण दरीसारखी खोल दिसत होती आणि सगळ्या ओळी उजवीकडे जाता जाता हळूहळू वर चढत होत्या. भाच्याचा क्रमांक 37. डाव्या पानावर त्याच्या नावापुढे बोट ठेवून ते सरळ उजवीकडे नेले, की शेवटी 44 हा आकडा येई. “म्हणजे 48 पैकी 44! मामा, मी तर हुशार मुलांत निघालो,” असे त्याने फोनवर आनंदाने सांगितले. वर्ष अर्ध्यावर आले तरी त्या विषयाच्या सरांचे नाव ज्याला नीट सांगता येत नाही, त्याची हजेरी जवळजवळ 92 टक्के निघाली, तर अभिनंदन करण्याआधी ओळ तपासावी.

या सरांची हजेरी मांडण्याची पद्धत जुन्या वळणाची आहे आणि तिच्या शोधकर्त्याला मी मनोमन नमस्कार केला. ते हजर मुलापुढे नुसती खूण करत नाहीत, तर त्याच्या हजेरीचा चढता आकडा लिहितात. पहिल्यांदा हजर राहिला की 1, पुढच्या वेळी 2, त्यानंतर 3. गैरहजर असेल त्या दिवशी चौकटीत ‘गै’ येते आणि आकडा थांबून राहतो. त्यामुळे ओळीतला शेवटचा आकडा हीच एकूण हजेरी असते. बोटे मोडत बसावे लागत नाही. शिवाय अक्षर कितीही वाईट असले तरी 16 आणि 18 यांच्या मधला आकडा 11 असू शकत नाही, तो 17 च असतो, एवढे तारतम्य ही पद्धत आपोआप पुरवते.

याच चढत्या आकड्यांनी भाच्याचे बिंग फोडले. डाव्या पानावर त्याच्या ओळीचा शेवटचा आकडा 17 होता आणि तो जिला स्वतःची म्हणत होता, त्या उजव्या पानावरच्या ओळीची सुरुवात 25 ने होत होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना कोणाचीही हजेरी आठने वाढत नाही. ओळ चढत असल्यामुळे त्याची नजर शेजारच्या, 38 क्रमांकाच्या मुलीच्या ओळीत घुसली होती. तिचा डावीकडचा शेवटचा आकडा 23 होता, म्हणजे 25 हा तिचाच वारसा. मी फोटो मोठा करून हजेरीपटाच्या छापील आडव्या रेघेच्या कडेने वाटचाल केली, तेव्हा 37 क्रमांकाची खरी ओळ सापडली. ती 19 ने सुरू होऊन 31 वर संपत होती. खात्रीसाठी मी त्याला विचारले, “मावशीच्या लग्नाच्या दिवशी तू कॉलेजात गेला होतास का?” तो नव्हता. त्या तारखेच्या रकान्यात या ओळीत ‘गै’ होते आणि शेजारणीच्या ओळीत 33. ओळीची ओळख पटवायला असा एखादा हक्काचा गैरहजेरीचा दिवस फार उपयोगी पडतो. हजेरीच्या दिवसाबद्दल विद्यार्थ्याच्या साक्षीवर विसंबू नये.

आता एक बारकी शंका उरली होती. डावीकडे 17 आणि उजवीकडे 19, मग 18 कुठे गेला? शेजारणीकडेही 23 नंतर एकदम 25. उरलेल्या ओळी पाहिल्या, तेव्हा बहुतेकांचा एकेक आकडा गहाळ होता आणि काहींचा नव्हता. म्हणजे दोन पानांच्या मधल्या शिवणीत एक पूर्ण रकाना गडप झालेला होता. त्या दिवशी जे हजर होते त्यांचे आकडे एक घर उडी मारत होते आणि जे गैरहजर होते त्यांचे मारत नव्हते. यातली मेख अशी, की आपण त्या दिवशी गैरहजर असलो, तर आपल्या स्वतःच्या ओळीत कोणतीही फट दिसत नाही. लपलेला तास कळण्यासाठी इतरांच्या ओळी पाहाव्या लागतात. स्वतःपुरते पाहणारा माणूस छेद एकाने कमी धरून बसतो आणि यादी लागल्यावर अन्याय झाल्याची तक्रार करतो.

छेदाची दुसरी बाजूही पाहावी लागली. तीन रकान्यांवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ होती आणि बाजूने ‘सुट्टी’ लिहिलेले होते. ते तास झालेच नाहीत, म्हणून ते मोजायचे नाहीत. बाकीचे रकाने दिसणारे 47 आणि शिवणीतला एक, असे 48. ताळा करायला भाच्याच्या ओळीतले ‘गै’ मोजले, ते 17 भरले. हजेरी 31 आणि गैरहजेरी 17, बेरीज 48. ही बेरीज जुळेपर्यंत टक्केवारीला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी भागाकार करून मग ओळ शोधणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते कायम आनंदी असतात.

31 भागिले 48, म्हणजे 64.58 टक्के. नियमाप्रमाणे 48 तासांचे 75 टक्के म्हणजे 36 तास भरायला हवे होते. तूट पाच तासांची.

“फक्त पाच?” भाचा म्हणाला. “मग पुढचे पाच तास बसतो. विषय संपला.”

येथे मात्र मला कागद घेऊन त्याला समोर बसवावे लागले. पुढचे पाचही तास तो बसला, तर हजेरी 36 होईल हे खरे, पण तोपर्यंत झालेले तासही 53 होतील आणि टक्के भरतील 67.9. तो जेव्हा हजर राहतो, तेव्हा त्याच्या हजेरीत एक तास वाढतो; पण त्याच वेळी एकूण तासही एकाने वाढतात, म्हणून नियमाची मागणी पाऊण तासाने वाढते. त्यामुळे एक तास पूर्ण बसून त्याची तूट फक्त पाव तासाने कमी होते. पाच तासांची तूट पाव-पाव करत फेडायची, तर वीस तास ओळीने बसावे लागते. 31 अधिक 20 म्हणजे 51, आणि 48 अधिक 20 म्हणजे 68. 51 भागिले 68 बरोबर 75 टक्के. उलट एक दांडी मारली, की तूट एकदम पाऊण तासाने वाढते आणि तेवढी भरून काढायला तीन तास बसावे लागते. हा व्याजाचा दर ऐकून भाच्याने पहिल्यांदाच सावकाराकडे पाहावे तशा नजरेने माझ्याकडे पाहिले, जणू हा नियम मीच केला होता.

मग त्याने वकिली सुरू केली. दुसऱ्या एका विषयात त्याचे 30 पैकी 27 तास भरले होते, म्हणजे 90 टक्के. “64.6 आणि 90 यांची सरासरी 77 च्या वर जाते, मामा.” सरासरी जाते, पण दोन विषयांचे तास सारखे नसल्यामुळे टक्क्यांची अशी सरासरी काढता येत नाही. तास एकत्र केले, तर 78 पैकी 58 होतात आणि टक्के 74.36 उरतात. शिवाय त्याच्या कॉलेजचा नियम विषयवार आहे, त्यामुळे हा खटला मुळातच उभा राहत नव्हता. पण हरण्याआधी त्याला युक्तिवाद करण्याची पूर्ण संधी मिळाली, एवढे समाधान.

योजना आखायची तर पुढे किती तास उरले आहेत हे कळायला हवे होते. वेळापत्रकात त्या विषयाचे आठवड्याला चार तास होते आणि सत्र संपायला सहा आठवडे होते, म्हणजे 24 तास. सत्राअखेर एकूण 72 तास होणार आणि त्यांचे 75 टक्के म्हणजे 54. भाच्याकडे 31 होते. त्याला 24 पैकी 23 तास बसणे भाग होते. सहा आठवड्यांत एक दांडी, एवढीच त्याची मालमत्ता. ती त्याने ताबडतोब एका मित्राच्या वाढदिवसाच्या नावे लिहून टाकली.

मला ती पुसावी लागली. कारण हे 24 तास कागदावरचे होते. सरांनी एक जरी तास घेतला नाही, तरी एकूण तास 71 होतात, त्यांचे 75 टक्के 53.25, आणि पाव तास कोणी बसू शकत नसल्यामुळे गरज 54 चीच राहते. दांडीची सवलत तिथेच संपते. चार तास बुडाले, तरी उरलेले वीसच्या वीस बसून 68 पैकी 51 गाठता येतात. पण पाचवा तास बुडाला, की 67 तासांना 51 हवेत आणि सगळे तास बसूनही त्याच्याकडे 50 च होतात. मग त्याने कितीही पश्चात्ताप केला, तरी उपयोग नाही. म्हणून दांडी शेवटच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवायची, दर शनिवारी हजेरीपटातला आपला शेवटचा आकडा आणि झालेले तास प्रत्यक्ष पाहून घ्यायचे, आणि सरांनी जादा तास ठेवला तर सकाळी कितीही लवकर असला तरी सर्वांत आधी जाऊन बसायचे, अशी आमची योजना ठरली.

या हिशेबाने त्याच्या स्वभावात झालेला बदल मात्र मला अपेक्षित नव्हता. जो मुलगा आजवर सर आले नाहीत की टाळ्या पिटत असे, तो आता सरांच्या प्रकृतीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. परवा सर वर्गात दोनदा खोकले, तेव्हा त्याने मधल्या सुट्टीतच मला फोन केला. आवाज चिंतेने भरलेला होता. “मामा, सरांनी रजा टाकली आणि त्यांच्या जागी दुसऱ्या मॅडमनी तास घेतला, तर तो याच हजेरीपटात धरतात का?” मी म्हटले, ते कार्यालयात विचार. तो म्हणाला, “कार्यालयात विचारलं. आता सरांना गरम पाणी नेऊन देतोय.”