पिवळाधमक आंबा घ्या, आतलं कशाला बघताय

अक्षय तृतीयेला ताटात आमरस नसला तर शेजारच्या काकू काय म्हणतील, ही चिंता असेल तर माझं ऐका, आंबा झाडावर तयार झाला होता का असल्या चौकशा करत बसू नका. विक्रेत्याला फक्त एकच विचारा, "उद्या खायला होईल न्हवं?" तो हो म्हणाला की पेटी उचला. मी परवा हेच केलं. सगळे आंबे एका रंगात रंगवल्यासारखे, पिवळेधमक, एकावर हिरवा ठिपका नाही. घरी येऊन कापला तर कोयीजवळ पांढरा, चवीला कैरी आणि वासाला काहीच नाही. आईनं रसात पाव किलो साखर ओतली आणि म्हणाली, आंबा कशाला आणलास, नुसतं साखरपाणीच करायचं होतं की.

पेटीच्या तळाशी कागदाची एक पुडी निघाली, फोडल्यावर पांढरी भुकटी. आता घाबरायचं काय त्यात? खडा असताना ते कॅल्शियम कार्बाइड होतं, आपल्या उद्यमनगरात गॅस वेल्डिंगला वापरतात तेच. आंबा श्वास सोडतो, त्याची वाफ लागली की खड्यातून साल पिवळी करणारा अ‍ॅसिटिलिन गॅस निघतो आणि मागं चुना राहतो. पानाला लावतात तसलाच, मग तक्रार कसली? एक ग्रॅम खड्यातून साधारण 300 मिली गॅस मिळतो, म्हणजे दहा ग्रॅमच्या पुडीतून तीन लिटर, बंद पेटीला चिक्कार झाला. आणि पुडीला लसणासारखा वास आला तर झक्कास, ठेच्याची आठवण येईल. खरं तर शुद्ध अ‍ॅसिटिलिनला फारसा वास नसतोच, तो वास फॉस्फीनचा. बाजारातला खडा चुनखडी आणि कोकपासून भट्टीत बनतो, तो फळासाठी शुद्ध करत नाहीत, त्यामुळं त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश राहतात. गॅस उडून जातो हो, पण भुकटी सालीवर बसते, आणि आपण रायवळ काय कापून खातो का, देठ तोडून चोखतो, सालीसकट तोंडात. म्हणून धुवायचा अजिबात नाही, मजा जाते. एका आंब्यानं कोण मरत नाही हे मान्य, पण आर्सेनिक थोडं थोडं पोटात जात राहिलं तर बरं नव्हे, आणि पुड्या भरणाऱ्याच्या ओल्या हातांना तो खडा लागला की कातडी भाजते, ते वेगळंच. पण त्याचे हात आपल्याला कुठं दिसतात.

सरकारनं 2011 च्या नियमात कार्बाइडनं पिकवलेलं फळ विकायला बंदी घातलीय, उगाच. त्याऐवजी म्हणे इथिलिन वापरा, 100 पीपीएमपर्यंत चालतो, म्हणजे दहा हजार लिटर हवेत एक लिटर. आता हा इथिलिन फळ स्वतःच बनवतं, आजी माळ्यावर भाताच्या पिंजरात अढी घालायची तेव्हा आंब्यातनं निघालेला तोच कोंडून राहायचा आणि एक पिकला की बाजूचा पिकायचा. रायपनिंग चेंबरमध्ये हेच करतात पण किती झंझट, साधारण वीस डिग्री तापमान ठेवा, हवेत ओल राखा, दिवसभर गॅस द्या, मग दार उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढा नाहीतर पिकणं रखडतं, वर चारपाच दिवस थांबा. तुम्हाला तर उद्याच पाहिजे.

आणि एक गंमत सांगतो, कोवळा आंबा इथिलिनमध्ये ठेवला तरी गोड होत नाही. गॅस फक्त सुरुवात करून देतो, साखर फळातल्या पिठुळ स्टार्चपासून बनते, आणि दहापंधरा दिवस आधी तोडलेल्या आंब्यात तो पुरता भरलेलाच नसतो. पुडीला ते जमत नाही, पण साल पिवळी करायला पुडी बास होते, आणि आपण सालच बघून पैसे देतो की. म्हणून बादलीत पाणी घेऊन आंबा सोडून बघायचा खुळा प्रयोग करू नका. तरंगला म्हणजे कार्बाइडचा असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते खोटं आहे, तरंगला म्हणजे बहुतेक कोवळा, बुडाला म्हणजे भरलेला, पुडीचं त्यातनं काही कळत नाही.

मी मात्र उरलेले सगळे आंबे बादलीत सोडले. अकरातले नऊ वर आले. आई आली, बघितलं, आणि लोणच्याचा मसाला काढला.