गळाला लागलो तो मी

कालच परत आलोय. मान डावीकडे वळत नाही, उजव्या कानाची कड सोलून निघालीय आणि तीन दिवसांत धरलेले मासे एकूण शून्य. त्याचंही मला फारसं काही वाटत नाही. मला राग आहे तो स्टुलावरच्या आजोबांचा.

सुट्टी मी फोटो बघून ठरवली होती. फोटोतल्या माणसाने दोन्ही हातांवर एक मासा असा धरला होता की जणू बारशाचं बाळ. खाली लिहिलं होतं, 'इथले मासे मोठे.' मी भुललो. नवशिक्याने मासे केवढे हे विचारायचंच नसतं, किती आहेत ते विचारायचं, ही अक्कल मला आत्ता आली. मोठ्या माशांच्या तळ्यात मासे मोजकेच, आणि तेवढे मोठे होईपर्यंत त्यांनी भलतेसलते गळ पाहिलेले असतात. त्यापेक्षा वीतभर लांबीच्या भुकेल्या माशांनी गजबजलेलं लहान तळं घेतलं असतं, तर निदान गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच तरी हललं असतं.

पहिल्या दिवशी भरपेट नाश्ता करून अकरा वाजता काठावर पोचलो. ऐन उन्हाळा. शेजारी आजोबा सामान आवरत होते.

"आलात? आम्ही निघालो," ते म्हणाले.

"का? मासे संपले?"

"मासे झोपले. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. मग ते सावलीला जातात, खाली जातात, खात नाहीत. तुम्ही उन्हात बसणार असाल तर बसा."

बसलो. अर्थातच. उगाच का पैसे भरलेत! आजोबाही परत बसले. जाणार होते ते, पण माझी करमणूक त्यांना सोडवेना. मी मुलीला हळू आवाजात "बोलू नकोस" म्हटलं, तर म्हणाले, "बोलू द्या हो पोरीला. काठावरचं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही. तुम्ही मघाशी धाडधाड पाय आपटत आलात ना, ते मात्र उतरलं. आणि तुमची सावली पाण्यावर पडलीय."

मी सरकलो.

"खोली मोजलीत?"

"कसली?"

त्यांनी माझी काठी घेतली. विचारलंसुद्धा नाही. खिशातून शिशाचा गोळा काढून गळाला अडकवला आणि टाकला. बूच गुडूप झालं. "बूच बुडालं, म्हणजे बुचापासून गळापर्यंतची दोरी कमी पडतेय." बूच दोरीवर वीतभर वर सरकवून पुन्हा टाकलं. पुन्हा गुडूप. असं करत करत शेवटी बुचाचं टोक तेवढं पाण्याबाहेर दिसलं. "आता शिसं तळाला टेकलं. बूच आडवं पडलं असतं तर दोरी जास्त झाली असती. शिसं काढा, गांडूळ लावा. इथले मासे तळाशी चरतात. तुमचं गांडूळ इतका वेळ त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर लटकत होतं."

हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं असतं तर? तीन तास मी गांडुळाला पोहायला शिकवत होतो आणि हे गृहस्थ स्टुलावर बसून बघत होते! आणि एवढं करून, ज्या फोटोला मी भुललो तो कोणाचा, असं विचारलं तर म्हणाले, "माझाच. बारा वर्षं झाली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बसलोय."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठायला लागलो. मासे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात, म्हणजे मी दुपारी घोरणार आणि बायकोला व मुलीला फिरायला जायचं तेही नेमकं दुपारीच. सुट्टी ठरवताना हे कोणी सांगत नाही. 'मासेमारी न करणाऱ्यांसाठी निसर्गभ्रमंती' असं माहितीपत्रकात छापलं होतं. भ्रमंती म्हणजे त्याच तळ्याला चक्कर. बावीस मिनिटं लागतात. बायकोने पहिल्याच दिवशी चार चकरा मारल्या आणि व्यवस्थापकाला विचारलं, "जे मासे धरत नाहीत त्यांनी इथे करायचं तरी काय?"

"धरणाऱ्यांकडे बघायचं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

पायी जाता येईल असं एखादं गाव, निदान पोहण्यापुरतं वेगळं पाणी हवं होतं. नाहीतर मग अर्ध्या दिवसाचाच परवाना काढायचा होता. पण मी तीन दिवसांचा काढला होता, स्वस्त पडतो म्हणून. आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात, मी तळ्यावर.

शेवटच्या संध्याकाळी बूच एकदा खरंच बुडालं. मी एवढ्या जोरात काठी उपसली की रिकामा गळ मागच्या झाडात जाऊन अडकला. आजोबा काही बोलले नाहीत. नुसते माझ्या मुलीकडे बघून हसले, आणि ती कार्टीही हसली.

घरी येताना बायको गाडीत एकच वाक्य बोलली.

"पुढची सुट्टी मी ठरवणार."